तिन्ही प्रश्न एकाच गाडीवर

अगं,

तुझा मेल वाचला. पुढच्या आठवड्यात प्रॉडक्ट मॅनेजरची मुलाखत, प्रॉडक्ट सेन्स, मेट्रिक्स आणि प्रायोरिटायझेशन अशा तीन फेऱ्या, आणि तू तिन्हींसाठी तीन वह्या भरून बसली आहेस. वह्या तूर्त बाजूला ठेव. विचारणारी माणसं वेगळी असली तरी ती पाहतात एकच: तू कोणाची कोणती अडचण हातात घेतलीस, आणि पुढचं प्रत्येक उत्तर त्या निवडीला धरून आहे का. म्हणून एकच उदाहरण घेऊन तिन्ही प्रश्न सोडवून दाखवते. कंपनी पेमेंटमधली आहे, तेव्हा उदाहरणही तिथलंच.

समज, विचारलं की ‘छोट्या दुकानदारांसाठी आपलं यूपीआय ॲप आणखी चांगलं कसं कराल?’ दहातले आठ जण लगेच सुरू होतात: उधारीची वही देऊ, कर्ज देऊ, मालाचा हिशेब ठेवू. तू आधी दोनच गोष्टी विचार. कंपनीला आत्ता नवे दुकानदार हवेत की आहेत ते टिकवायचेत? आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा स्पीकर आपल्याकडे आहे का? याहून जास्त प्रश्न विचारलेस तर समोरच्याला वाटतं की ही वेळ काढते आहे.

मग दुकानदारांचे गट पाड, पण वय, शहर, उत्पन्न यांवरून नको. त्यातून पुढे काहीच हाती लागत नाही. गट पाडायचे ते पैसे घेताना दुकानात काय घडतं त्यावरून. मंडईत गाडीवर एकटाच उभा असलेला भाजीवाला हा एक गट. मेडिकलच्या काउंटरवर कामाला मुलगा आहे, पण खातं आणि फोन मालकाकडे, आणि मालक घरी, हा दुसरा. ज्याच्याकडे दिवसातून पाच-सहाच पण मोठी पेमेंट येतात तो होलसेलवाला तिसरा. तिघांची अडचण निरनिराळी आहे हे एका वाक्यात सांग, एक निवड, आणि का निवडलास तेही सांग. मी भाजीवाला घेते, कारण पेमेंट अडकलं की सगळ्यात कमी वेळ त्याच्याकडे असतो.

संध्याकाळी सातची वेळ डोळ्यापुढे आण. एका हातात तागडी, दुसऱ्या हातात पिशवी, समोर तीन गिऱ्हाइकं. एक बाई ८० रुपये टाकते. तिच्या फोनवर चक्र फिरतंय, स्पीकर गप्प. ‘माझे कट झालेत हो दादा.’ तिला जाऊ द्यायचं की पुन्हा पैसे मागायचे, हे त्याला पाच सेकंदांत ठरवायचंय. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण दुकानाकडे खात्री पोचली नाही, तर ते व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे बाईंच्या पैशांना नियमाचं संरक्षण आहे. गाडीवरच्या त्या पाच सेकंदांना नाही. नियम माहीत असणं चांगलं, पण मुलाखतीत तो सांगायचा तो ही फट दाखवण्यापुरता.

आता अडचण एका वाक्यात मांडता येते: गर्दीत एकट्याने धंदा करणाऱ्याला अडकलेल्या पेमेंटचं काय झालं ते लगेच कळत नाही. उपाय दोन-तीन सांग, त्यातल्या एकावर थोडं थांब. समज, स्पीकरने बोलावं, ‘८० रुपयांचं पेमेंट अडकलं आहे’, आणि निकाल लागला की तोही सांगावा. ऐकायला छान आहे. पण गाडीला चिकटवलेला क्यूआर स्थिर असतो. गिऱ्हाईक पैसे टाकायला लागलंय हे दुकानदाराच्या बाजूला आधी कळत नाही. रक्कम टाकून दर वेळी नवा क्यूआर दाखवणारं यंत्र असेल तर काम सोपं. स्टिकरवर ते जमेल फक्त गिऱ्हाइकाचं ॲपही आपलंच असेल तेव्हा. ही मर्यादा तू स्वतःहून सांग. बँकेचा सर्व्हर आपल्या हातात नाही हेही सांग. आपल्या हातात आहे ते एवढंच, की जे झालं ते दोघांनाही लवकर आणि खरं कळावं.

इथून मेट्रिक्सकडे जायला वेगळा रस्ता लागत नाही. ‘यश कशावरून मोजाल?’ असं विचारलं की पटकन तोंडात येतं, व्यवहारांची संख्या. पण यूपीआय एकूणच वाढतंय, तुझा उपाय फसला तरी आकडा वर जाईल. दुसरं येतं ते दुकानदार दिवसातून किती वेळा ॲप उघडतो. इथे तर आकडा उलटा वाचायचा. स्पीकर गप्प राहिला की तो हात पुसून फोन काढतो आणि पैसे आले का ते बघतो. ॲप उघडणं वाढलं म्हणजे त्याचा स्पीकरवरचा विश्वास उडतोय. हे मुलाखतीत बोललीस तर समोरचा मान वर करून बघेल.

माझा मुख्य आकडा असा असेल: शंभर पेमेंटपैकी किती वेळा दुकानदाराला १० सेकंदांत पक्कं उत्तर मिळालं, मग ते ‘आले’ असो की ‘नाही आले’. सोबत राखणीचा आकडा हवाच: ‘आले’ म्हणून सांगितलं आणि पैसे आलेच नाहीत, असं किती वेळा झालं. तो नसेल तर टीम घाईघाईत ‘आले’ म्हणायला लागेल, पहिला आकडा झकास दिसेल आणि भाजीवाला बुडेल.

याच फेरीत दुसरा प्रश्न हमखास येतो: ‘पेमेंट यशस्वी होण्याचं प्रमाण ९४.८ टक्क्यांवरून ९२.४ वर आलं. काय कराल?’ सर्व्हर, नवी आवृत्ती, नेटवर्क अशी कारणांची माळ सुरू करू नकोस. आधी विचार, प्रमाण कशाचं काढलंय? प्रयत्नांचं की माणसांचं? शंभर जण पैसे द्यायला आले, नव्वदांचे पहिल्याच फटक्यात गेले, दहांचे अडले आणि दहाही जणांनी पुन्हा एकेकदा करून पाहिलं, त्यात आठांचे गेले. माणसं धरली तर ९८ टक्के यश. प्रयत्न धरले तर ११० पैकी ९८, म्हणजे ८९ टक्के. दोन्ही खरे. कोणता आकडा घसरलाय ते ठरल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मग तुकडे पाड. समज, जुन्या वापरकर्त्यांचं यश ९६ टक्के आहे आणि नव्यांचं ८४. मागच्या महिन्यात शंभरात नव्वद व्यवहार जुन्यांचे होते, तेव्हा सरासरी ९४.८. या महिन्यात कॅशबॅकची जाहिरात चालली, नव्यांचे व्यवहार तीस झाले, आणि सरासरी ९२.४. जुन्यांचं ९६चं ९६, नव्यांचं ८४चं ८४. कुठेच काही बिघडलं नाही, फक्त जुन्या-नव्यांचं मिश्रण बदललं. हे गणित कागदावर दोनदा करून जा, तिथे बोलता बोलता करता यायला हवं. नाहीतर इंजिनिअर लोक आठवडाभर नसलेला बिघाड शोधत बसतील, अशा बैठका मी भरपूर पाहिल्यात.

पण तिथेच थांबू नकोस, नव्यांचं ८४च का हा प्रश्न उरतोच. यूपीआय चालवणारी एनपीसीआय अपयशाचे दोन प्रकार करते आणि बँकांचे आकडे दर महिन्याला जाहीरही करते. टेक्निकल डिक्लाइन म्हणजे बँकेची किंवा नेटवर्कची यंत्रणाच उत्तर देत नाही. बिझनेस डिक्लाइन म्हणजे पिन चुकला, खात्यात पैसे नाहीत, मर्यादा ओलांडली. नव्यांमध्ये पिन चुकण्याचं प्रमाण जास्त निघालं तर काम पिनच्या पडद्यावर आणि चुकल्यानंतर दिसणाऱ्या सूचनेवर आहे. तिथे सर्व्हर वाढवून काही होणार नाही.

तिसरी फेरी. ‘तीन कामं आहेत, टीम एकच, आधी काय?’ कामांचा क्रम लावायचं राइसचं सूत्र तुला पाठ आहेच: किती जणांपर्यंत पोचेल, गुणिले परिणाम, गुणिले खात्री, भागिले मेहनत. आपल्याच गाडीवर लावू, आकडे अंदाजाचे. स्पीकर मराठीतून बोलणं: एका तिमाहीत ३० हजार दुकानं, परिणाम १, खात्री ८० टक्के, मेहनत एका माणसाचा एक महिना. येतात २४ हजार. अडकलेल्या पेमेंटची सूचना: स्टिकरची अडचण धरून २० हजारच दुकानं, परिणाम २, खात्री ८० टक्के, मेहनत दोन महिने. येतात १६ हजार. उधारीची वही: ५० हजार दुकानं, परिणाम १, खात्री ५० टक्के, मेहनत पाच महिने. येतात ५ हजार.

बहुतेक जण इथे मराठी स्पीकर म्हणून टाळी वाजवतात. तू उलट बघ, कोणता अंदाज हलला तर क्रम हलतो? अडकलेल्या पेमेंटचा परिणाम मी २ धरला. तो ३ केला की तेही २४ हजार, दोघं बरोबरीत. म्हणजे सगळा निकाल माझ्या एका अंदाजावर टांगलेला आहे. उधारीच्या वहीची खात्री शंभर टक्के धरली तरी १० हजारच होतात, तेव्हा तिच्यावर वाद घालण्यात वेळ घालवायचा नाही. त्या एका अंदाजासाठी काय करशील ते सांग: दोन दिवस वीस गाड्यांवर उभं राहून पेमेंट अडकल्यावर दुकानदार माल देतो की थांबवतो ते मोजायचं. महिनाभराचं मराठीचं काम तोवर सुरू करता येतं, कारण ते कोणत्याही हिशेबात वाया जात नाही.

समोरचा मध्येच म्हणेल, ‘पण सीईओंना उधारीची वहीच हवी आहे.’ गडबडू नकोस आणि लगेच मानही डोलवू नकोस. त्यांना ती कशासाठी हवी आहे ते विचार. दुकानदार ॲप सोडून जाऊ नयेत म्हणून हवी असेल, तर सोडून जाणारे अडकलेल्या पेमेंटमुळे जातात की वही नसल्यामुळे, हे तपासता येतं. पुढे दुकानदारांना कर्ज देण्यासाठी उधारीची माहिती हवी असेल, तर मात्र सगळा तक्ताच बदलतो. मग परिणामाचा आकडा दुकानदाराच्या सोयीचा राहत नाही, कंपनीच्या नव्या धंद्याचा होतो, आणि तसं उघड बोलून नव्याने मांडणी करायची.

बुधवारी रात्री नऊनंतर फोन कर. त्याआधी मेडिकलचं उदाहरण स्वतः करून ठेव: मालक गावी गेलाय, काउंटरवर मुलगा आहे, स्पीकर बंद पडलाय. गट, अडचण, मुख्य आकडा, राखणीचा आकडा आणि तीन कामांचा क्रम, सगळं २५ मिनिटांत. मी घड्याळ लावून बसेन आणि मध्ये मध्ये अडवेन.

तुझी,
ताई