छोट्या दवाखान्याच्या ओपीडीसाठी फीडबॅक आणि एनपीएस कसं सुरू करावं?

प्रश्न: पत्नीचा आणि तिच्या सहकाऱ्याचा तालुक्याच्या गावी छोटा दवाखाना आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून साठेक पेशंट. ओपीडीसाठी फीडबॅक फॉर्म आणि एनपीएस सुरू करायचंय, खर्च फार नको. कसं करावं? आणि किती स्कोअर चांगला म्हणायचा?

उत्तर:

मी एका पॉलिक्लिनिकच्या ओपीडीचं व्यवस्थापन बघतो. आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. अमुक स्कोअर चांगला, असा आकडा कुणी सांगितला तर तो सोडून द्या. एनपीएस, म्हणजे नेट प्रमोटर स्कोअर, २००३ मध्ये फ्रेड रायकहेल्ड यांनी मांडला, तो कंपन्यांच्या ग्राहकांसाठी. ‘आमची शिफारस कराल का’ याला ० ते १० मध्ये गुण द्यायचे; ९-१० देणारे प्रमोटर, ७-८ देणारे तटस्थ, ० ते ६ देणारे नाराज; प्रमोटरच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की स्कोअर. आता आपल्याकडचा माणूस बघा. दहावीला ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन मिळतं हे डोक्यात पक्कं बसलेल्या आजोबांनी ८ दिले, तर त्यांनी मनापासून कौतुक केलेलं असतं. एनपीएस मात्र त्यांना कौतुक करणाऱ्यांत मोजतच नाही. म्हणून परदेशातल्या किंवा कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या आकड्यांशी तुलना नको. तुमचा आकडा तुमच्याच मागच्या आकड्यांशी लावून बघायचा, बस. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेनेही २०१३ मध्ये पेशंटना ‘शिफारस कराल का’ विचारून एनपीएसच्या धर्तीवर गुण काढायला सुरुवात केली होती. २०१४ मध्येच ती पद्धत सोडून ते साध्या टक्केवारीवर आले, आणि २०२० पासून तर प्रश्नही बदलून ‘एकूण अनुभव कसा होता’ असा केला.

आता फॉर्म. तीन प्रश्नांच्या वर जाऊ नका. पहिला ० ते १०चा, आणि त्याची भाषा जपून करा. ‘आमच्या क्लिनिकची शिफारस कराल का’ हे कागदी वाटतं, शिवाय आपल्या माणसांना दवाखान्यात जावं लागावं असं कुणालाच वाटत नाही. आम्ही असं विचारतो: ‘घरच्या किंवा ओळखीच्या कुणाला बरं नसेल, तर त्यांना आमच्याकडे जायला सांगाल का?’ खाली ० म्हणजे ‘अजिबात नाही’ आणि १० म्हणजे ‘नक्की सांगेन’ असं दोन्ही टोकांना लिहायचं, नाहीतर काही जण १ म्हणजे पहिला नंबर समजून खूश होऊन १ देतात. दुसरा प्रश्न: ‘हे गुण कशामुळे दिले?’ इथे मोकळी जागा. तिसऱ्यात एकच खूण: थांबावं लागणं, डॉक्टरांचं बोलणं-तपासणं, काउंटर आणि फोन, औषधं-लॅब, बिल, स्वच्छता. शेवटी ‘आम्ही फोन केला तर चालेल का’ एवढं आणि ऐच्छिक नंबर. आजार काय होता, हे फॉर्मवर विचारूच नका. त्याचा इथे उपयोग नाही आणि ती माहिती सांभाळायची जबाबदारी मात्र अंगावर येते. मेसेज पाठवायची परवानगी केसपेपर काढतानाच घेऊन ठेवा.

गूगल फॉर्म पुरतो. त्यात लिनियर स्केल ० पासून १० पर्यंत ठेवता येतं. ‘सकाळ’ की ‘सायंकाळ’ हा एक रकाना जोडा आणि प्री-फिल्ड लिंक वापरून दोन वेगळ्या लिंक बनवा, म्हणजे पेशंटला ते भरावं लागत नाही. पुढे सगळ्यात जास्त कामाला येणार आहे तो हाच रकाना.

खरी गोम आहे ती कधी विचारायचं आणि कुणाला. काउंटरवर टॅब पुढे करून ‘जरा रेटिंग द्या ना’ म्हटलं की सगळे १०. समोर कंपाउंडर उभा, आत डॉक्टर बसलेले, पुढच्या महिन्यात परत यायचंय. कोण ६ देईल? शिवाय स्टाफ हसतमुख पेशंटलाच विचारतो, त्रासलेल्याला जाऊ देतो. हे मुद्दाम होत नाही, पण होतं. यावर उपाय म्हणजे निवड टोकनवर सोडायची. ज्यांच्या टोकनचा शेवटचा अंक ३ किंवा ८ आहे, त्यांनाच मेसेज. म्हणजे पाचातला एक, आणि पहिल्या टोकनपासून शेवटच्यापर्यंत सगळीकडे विखुरलेला. मेसेज त्याच दिवशी रात्री आठच्या सुमारास किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर, दवाखान्याच्या नंबरवरून. बीपी-शुगरचे पेशंट दर महिन्याला येतात, त्यांना तीन महिन्यांतून एकदाच. आठवड्याच्या आतल्या फेरतपासणीला विचारायचं नाही. लहान मुलांच्या बाबतीत उत्तर आई देते, वयस्कांच्या बाबतीत बऱ्याचदा मुलाचा नंबर दिलेला असतो आणि तो त्या दिवशी सोबत आलेलाच नसतो. म्हणून मेसेजमध्ये ‘जे सोबत आले होते त्यांनी भरावं’ अशी ओळ टाका. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी बाहेरच्या दाराशी छापील चिठ्ठ्या आणि कुलपाची पेटी ठेवा. तिची किल्ली काउंटरवर नको. या चिठ्ठ्या शीटमध्ये वेगळ्या नोंदवा, कारण त्या टोकनने निवडलेल्या नसतात आणि मेसेजच्या उत्तरांत मिसळल्या तर सगळी निवड पाण्यात जाते.

आता हिशेब. समजा महिन्याचे २५ दिवस, १५०० भेटी. पाचातला एक म्हणजे ३००, वारंवार येणारे वगळून २४० मेसेज, आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याने उत्तर दिलं तर ८० उत्तरं. त्यात ४४ प्रमोटर, २४ तटस्थ, १२ नाराज. ५५ टक्के वजा १५ टक्के, स्कोअर ४०.

पुढच्या महिन्यात ३१ आला तर? डॉक्टर चिडतील, स्टाफची मीटिंग लागेल, आणि बहुतेक वेळा विनाकारण. ८० उत्तरांवरचा स्कोअर किती हलू शकतो ते या सूत्राने कळतं (p आणि d म्हणजे प्रमोटर आणि नाराज यांचं प्रमाण, n म्हणजे उत्तरं):

```
=100*1.96*SQRT((p+d-(p-d)^2)/n)
```

०.५५, ०.१५ आणि ८० घातले की वर-खाली १६ ची कसर येते. म्हणजे तुमचा ४० हा खरं तर २४ ते ५६ मधला काहीही असू शकतो. तीन महिन्यांची २४० उत्तरं एकत्र घेतली की हीच कसर ९ वर येते. म्हणून एकूण आकडा तीन महिन्यांचा सरकता ठेवा आणि महिन्याच्या चढउतारावर कुणाला बोलू नका. उत्तरं किती आली आणि किती टक्के लोकांनी दिली, हे मात्र दर महिन्याला शेजारी लिहा. स्कोअर वाढला पण उत्तरं निम्म्यावर आली, तर कुणीतरी परत निवडून निवडून पाठवायला लागलंय असं समजा.

एकूण आकडा असा धूसर असला तरी आतली फोड बोलते. त्याच ८० मध्ये सकाळची ५० उत्तरं: ३२ प्रमोटर, १४ तटस्थ, ४ नाराज. स्कोअर ५६. सायंकाळची ३०: १२ प्रमोटर, १० तटस्थ, ८ नाराज. स्कोअर १३. हा ४३ चा फरक योगायोगाच्या पलीकडचा आहे. इतक्या उत्तरांवर दोन गटांच्या फरकातली कसर साधारण ३४ असते. शीटमध्ये B रकान्यात वेळ आणि C मध्ये गुण असतील तर:

```
=ROUND(100*(COUNTIFS(B:B,"सायंकाळ",C:C,">=9")-COUNTIFS(B:B,"सायंकाळ",C:C,"<=6"))/COUNTIFS(B:B,"सायंकाळ",C:C,">=0"),0)
```

आता त्या आठ नाराजांची कारणं वाचा. बहुतेकांनी ‘थांबावं लागणं’वर खूण केलेली असेल, पण मोकळ्या जागेत लिहिलेलं नीट बघा. किती वेळ बसलो यापेक्षा लोकांचा राग वेगळ्या गोष्टींवर असतो: ‘डॉक्टर राउंडला गेलेत हे सांगितलं नाही’, ‘फोनवर नंबर लावलेल्यांना आधी सोडलं’, ‘बॅगवाले साहेब मधेच आत गेले’. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचा, म्हणजे एमआरचा, हा मुद्दा छोट्या दवाखान्यांत हमखास निघतो. तीन एमआर पाच-पाच मिनिटं आत बसले तर प्रत्यक्षात वेळ पंधरा मिनिटंच गेला, पण बाहेर बसलेल्या तापाच्या पेशंटने ते तिघं मोजलेले असतात. यावर करायचं तेही फार नाही. एमआरना ओपीडी संपल्यावरची वेळ द्यायची, आत कितवं टोकन चालू आहे ते पाटीवर लिहायचं, डॉक्टरना अर्ध्या तासापेक्षा उशीर होणार असेल तर नंबर लावलेल्यांना मेसेज करायचा. बरोबरीने केसपेपरवर दोन वेळा लिहायला सुरुवात करा, नोंदणीची आणि केबिनमध्ये गेल्याची. पुढे सायंकाळचा स्कोअर सुधारला तर तो खरंच थांबणं कमी झाल्यामुळे की आणखी कशामुळे, हे त्यावरूनच कळेल.

६ किंवा कमी देऊन फोनला होकार देणाऱ्यांना दोन दिवसांत फोन जायला हवा. महिन्याला पाच-सात फोन होतात, जड नाही. फोन करणारा काउंटरवरचा नको, कारण तक्रार त्याचीच असू शकते. उपचार करणारे डॉक्टरही नकोत, पेशंट लगेच ‘नाही हो, काही नाही’ म्हणतो. तुम्ही स्वतः करा. ऐकायचं, लिहून घ्यायचं, खुलासे द्यायचे नाहीत. एक अपवाद: कुणी ‘औषधाने अंगावर पुरळ आली’, ‘ताप उतरला नाही’ असं लिहिलं तर तो फीडबॅक नव्हे. तो निरोप त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला पाहिजे. म्हणून उत्तरं रोज सकाळी कुणीतरी वाचायची जबाबदारी ठरवून ठेवा, आणि मेसेजमध्येच लिहा की तब्येतीच्या तक्रारीसाठी हा फॉर्म नाही, दवाखान्याला फोन करा.

स्टाफचा बोनस स्कोअरला बांधू नका. बांधलात की पेशंटला ‘दहाच द्या हं’ सांगणं सुरू होतं. ९-१० देणाऱ्यांनाच तेवढी गूगल रिव्ह्यूची लिंक पाठवायची कल्पना कुणी ना कुणी सुचवेल. खूश लोकांना निवडून रिव्ह्यू मागणं गूगलच्या नियमांत बसत नाही. स्कोअर फ्लेक्सवर छापायचा विचार असेल तर तोही सोडा, कारण पेशंट ओढण्यासाठी डॉक्टरांनी जाहिरात करणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांत अनैतिक ठरवलेलं आहे. त्यापेक्षा वेटिंगच्या भिंतीवर एक कागद लावा: ‘तुम्ही सांगितलंत, आम्ही हे बदललं’, खाली एमआरची नवी वेळ. लोक तो वाचतात, आणि पुढच्या मेसेजला उत्तर देणारे वाढतात.