सातचा मंगळ

ताई, आमचं गाव औसा तालुक्यातलं. नातू पुण्याला नोकरीला, बत्तीस वर्षांचा झालाय. मुलगी त्यानंच पसंत केली, चांगली हाय. पण पत्रिका म्हणलं की उठून जातो. मी मुलीच्या आईकडून तिची पत्रिका मागवून गुरुजींना दाखवली. गुण चोवीस जुळतात, पण पोराला मंगळ हाय आणि मुलीला नाही. मी चिठ्ठी लिहिली, लेकरा, लग्न तुझ्या मनासारखं कर, फक्त एकदा गुरुजींचं ऐकून घे. महिना झाला, उत्तर नाही. भूकंपाच्या साली दिवाळीला पत्र्याच्या शेडात जन्मलेलं लेकरू हे. घड्याळ कुठलं, उजाडलं होतं म्हणून सात लिहिले. त्याला कसं समजावू?

— एक आजी

आजी, त्याला राहू द्या. ‘उजाडलं होतं म्हणून सात लिहिले’ हे तुम्ही गुरुजींना सांगितलं होतं का? मला नाही वाटत.

मी पत्रिका मानत नाही, पण तुम्ही मानता, तर तुमच्याच शास्त्रानं बोलू. गुण चंद्राच्या नक्षत्रावरून काढतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो, त्यामुळे वेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तरी चोवीसचे बहुधा चोवीसच राहतात. मंगळाचं तसं नाही. तो लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून, कितव्या स्थानात पडतो ते बघतात, आणि हे लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं. 1993च्या दिवाळीत मंगळ वृश्चिकेत होता. सकाळी सात धरले तर लग्न वृश्चिक येतं, मंगळ पहिल्या स्थानात, म्हणजे मुलगा मंगळाचा. साडेसहा धरा. त्या वेळी तूळ लग्न अजून संपलेलं नव्हतं, मंगळ दुसऱ्या स्थानात जातो. आपल्याकडे पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं एवढीच स्थानं धरतात. मंगळ गेला!

दिवाळीच्या दिवसांत तिकडे सव्वासहालाच लख्ख उजाडलेलं असतं. किल्लारीच्या त्या सप्टेंबरनंतर शेडात राहणाऱ्या बाईनं बाळंतिणीकडे बघायचं की मिनिटं मोजायची? तुमचं काही चुकलं नाही. पण त्या अंदाजाला आता खरी वेळ म्हणून लेकराच्या माथी मारू नका. शिवाय ‘फक्त एकदा ऐक’ म्हणताय खरं, पण गुरुजी काय सांगणार हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तो गप्प बसलाय याचं मला नवल वाटत नाही. (चिठ्ठीत मुलीची पत्रिका परस्पर मागवल्याचं लिहिलंत का हो?)

मुलीच्या आईला अजून मंगळाचं बोलला नसाल तर बोलूच नका. बोलला असाल, तर आजच फोन लावा आणि सांगा, वेळ मी अंदाजानं टाकली होती, तो मंगळ धरू नका. एवढं एकच करा. नातवाचं लग्न त्याच्या चिठ्ठीच्या उत्तरावर अडलेलं नाही, अडलंच तर त्या माउलीच्या मनात अडेल. आणि ती शंका तुमच्याशिवाय कोणालाच काढता येणार नाही, कारण सात कुठून आले हे दुसऱ्या कोणाला माहीतच नाही.