नागपूरच्या खाण्याच्या मालिकेचे व्ह्यूज घसरताहेत, काय करू?

प्रश्न: "नागपूरच्या खाण्यावरची माझी यूट्यूब मालिका ५२ भागांवर आली. सुरुवातीच्या भागांना नऊ-दहा हजार व्ह्यूज आहेत, आताच्यांना जेमतेम तीन. बंद करू, स्वरूप बदलू की काही महिने थांबू?"

उत्तर:

आधी तुलना नीट करा. जुन्या भागांना व्ह्यूज गोळा करायला वर्षभर मिळालंय, नव्याला पंधरा दिवस. म्हणून प्रत्येक भागाचे पहिल्या ७ दिवसांचेच आकडे घ्या. मारबतीच्या दिवसांत व्ह्यूज एकदम वाढलेला एखादा भाग बाजूला ठेवा. मालिकेबाहेरचे तुमचे व्हिडिओही याच काळात पडले असतील, तर दोष मालिकेचा नाही.

मग प्रेक्षक कुठे सुटतोय ते शोधा. इथे क्लिकचं प्रमाण फसवतं. समजा, दहावा भाग ७ दिवसांत ६०,००० वेळा दाखवला गेला आणि ५ टक्के लोकांनी क्लिक केलं; म्हणजे ३,००० व्ह्यूज. पन्नासावा २०,००० वेळा दाखवला गेला, क्लिक ६ टक्के, व्ह्यूज १,२००. टक्का वाढला, कारण भाग आता बहुतेक जुन्या चाहत्यांनाच दिसतोय. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षकांची आकडेवारी उघडा. परत येणारे तेवढेच आणि नवे आटले असतील, शिवाय सरासरी पाहण्याचा वेळ टिकून असेल, तर मजकुरात खोट नाही.

अशा वेळी मालिका बंद करू नका, बाहेरचं रूप बदला. "भाग ५०: सावजी" वाचून नव्या माणसाला वाटतं, आधीचे ४९ बघावे लागतील. "सावजी रस्सा इतका झणझणीत का लागतो?" असं शीर्षक द्या आणि क्रमांक खाली वर्णनात टाका. सुरुवातीचं संगीत आणि "मागच्या भागात आपण पाहिलं" काढा. पहिल्याच दृश्यात तर्री ओतलेली दिसू द्या. असे ५ भाग करा. लांबी आणि टाकायचा वार तोच ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आधीच्या ५ भागांचा ७ दिवसांचा मधला आकडा आणि या ५ भागांचा मधला आकडा शेजारी ठेवून बघा.

उलट, परत येणारेही कमी होत असतील, तर शेवटच्या पाच भागांचे रिटेन्शनचे आलेख बघा. सगळ्यांत एकाच जागी, समजा मालकाच्या मुलाखतीपाशी, उतार असेल तर तो तुकडा छाटा. जागा वेगवेगळ्या असतील आणि वरचा बदल करूनही जुनी मंडळी येत नसतील, तर मालिका संपवायची वेळ झाली. शेवटचा भाग तसं सांगून टाका. जुने भाग मात्र काढू नका. पोहे, सावजी, संत्रा बर्फी शोधणारे लोक त्यांच्यावर येत राहतात.

थांबण्याने यातलं काहीच दुरुस्त होत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी फिरून शूटिंग जमत नसेल, तर जूनची तारीख जाहीर करून थांबा.