इंटर्नशिप रिपोर्ट सगळ्यांचे सारखेच का होतात?

प्रश्न: गाईडनी माझा इंटर्नशिप रिपोर्ट परत केला, म्हणाले सगळ्यांसारखाच आहे, यात तुझं काय? मी तर कुणाचा कॉपी केला नव्हता. केस स्टडीलाही हेच ऐकलं. स्वतःचं विश्लेषण आणायचं कुठून?

कॉपी न करताही रिपोर्ट सारखा होतो, कारण अर्धा रिपोर्ट ठरलेलाच असतो. सर्टिफिकेट, डिक्लरेशन, आभार यांची भाषा कॉलेजच देतं, कंपनीची माहिती सगळे वेबसाईटवरूनच उचलतात आणि मेथडॉलॉजीचा चॅप्टर सिनियरच्या फाईलवरून येतो, त्याने त्याच्या सिनियरकडून घेतलेला असतो. यातलं डिक्लरेशन वगैरे आहे तसंच राहू द्या, ते बदलायच्या फंदात पडू नका. शब्द फिरवून सिमिलॅरिटीचा आकडा खाली येईलही, पण गाईड बोलतायत ते त्याबद्दल नाही.

गोची होते डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये. कंपनी इंटर्नला आतले आकडे सहसा देत नाही, मग आपण पाच पर्यायांची प्रश्नावली काढतो, ओळखीच्यांकडून भरून घेतो, प्रत्येक प्रश्नाला एक पाय चार्ट आणि खाली 'वरील आलेखावरून असे दिसून येते की बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत'. चार्टमध्ये दिसतंय तेच परत शब्दात लिहिलं, याला विश्लेषण कोण म्हणेल? स्वॉटचंही तसंच. थ्रेट्सच्या चौकोनात 'वाढती स्पर्धा' लिहिलं की कंपनीचं नाव खोडून दुसरं टाकून बघा, वाक्य तरीही खरं राहत असेल तर ते उडवा.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा तुम्ही डिस्पॅच विभागात आहात आणि रजिस्टरमधल्या ६० ऑर्डरच्या तारखा बघायला मिळाल्या. कंपनी ५ दिवसात माल पोचवायचं कबूल करते, तुमची सरासरी आली ४ दिवस. टेम्पलेटवाला इथेच 'डिलिव्हरीची कामगिरी समाधानकारक आहे' लिहून मोकळा होतो. तुम्ही सरासरी फोडा. ४८ ऑर्डर वेळेत, सरासरी ३ दिवसात गेल्यात आणि उरलेल्या १२ उशिरा, सरासरी ८ दिवसात, म्हणजे दर पाच ऑर्डरींत एकीचा माल उशिरा मिळतोय आणि सरासरीने ते झाकून टाकलंय.

मग त्या १२ ऑर्डर कधीच्या ते बघा. समजा त्यातल्या ९ ऑर्डर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या निघाल्या. इथे लगेच खूश होऊ नका, त्या आठवड्यात एकूण ऑर्डर किती होत्या हे आधी मोजा, कारण बहुतेक ऑर्डर तेव्हाच येत असतील तर उशीरही तेव्हाच जास्त दिसणार. समजा तेव्हाच्या २० होत्या आणि बाकीच्या दिवसांतल्या ४०. म्हणजे महिनाअखेरीस २० पैकी ९ उशिरा, एरवी ४० पैकी फक्त ३. हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पुढचा प्रश्न, उशीर होतो नेमका कुठे? ऑर्डर आली, उधारीची मंजुरी मिळाली, पॅकिंग झालं, गाडी निघाली, या प्रत्येक टप्प्याची तारीख लावा. पॅकिंगला नेहमीएवढाच वेळ लागतोय आणि फाईल मंजुरीत अडकतेय असं दिसलं तर सेल्सवाले टार्गेटसाठी शेवटी ऑर्डरी ढकलतात आणि अकाउंट्सकडे त्याच दिवसात महिना क्लोज करायचं काम असतं, असा अंदाज मांडता येतो. पण दुसरं कारणही स्वतःच तपासायचं: मोठ्या ऑर्डरी शेवटी येतात म्हणून तर उशीर नाही ना? मग महिन्याच्या सुरुवातीच्या मोठ्या ऑर्डरी शोधून बघा, त्या वेळेत गेल्या असतील तर आकाराचा मुद्दा बराचसा बाद. माझ्या मते हा एक परिच्छेद वीस पाय चार्टना भारी आहे, व्हायवात पण यावरच प्रश्न येतात आणि उत्तरं तुमच्याकडे असतात.

आता सजेशन्समध्ये 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे' लिहायची गरजच पडत नाही, तुम्ही लिहाल की जुन्या, वेळेवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांची उधारी महिनाअखेरच्या आधीच मंजूर करून ठेवा. त्यात तोटाही लिहा, एखाद्याचे पैसे बुडायची जोखीम वाढते. आणि ६० ऑर्डरी, त्याही थोड्याच काळातल्या, त्यामुळे सणाच्या सीझनबद्दल यावरून काही सांगता येत नाही हे स्पष्ट टाका.

कंपनीने आकडे छापायला नाही म्हटलं तर गिऱ्हाइकांची नावं काढून टाका आणि खऱ्या दिवसांऐवजी सरासरीला १०० धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात द्या, तुलना तशीच राहते. हे लेखी परवानगी घेऊनच.

केस स्टडीत रजिस्टर नसतं पण शेवटी तक्ते जोडलेले असतात आणि बरेच जण ते वाचतच नाहीत. त्यातले दोन तक्ते एकत्र लावा, उदाहरणार्थ शाखानिहाय विक्री आणि शाखानिहाय माणसं, म्हणजे माणशी विक्री निघते जी केसमध्ये कुठे लिहिलेली नसते. मॅनेजर ज्या शाखेचं कौतुक करतोय तीच यात खाली निघाली तर तुमचं उत्तर तिथूनच सुरू करा, पोर्टरची पाच बलांची चौकट वगैरे नंतर लागली तर वापरा.