साखर आटोक्यात, तरी हृदयाची गोळी?

प्रश्न: मला मधुमेह आहे, पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी 6.5 आहे, छातीत कधी दुखलं नाही. मग डॉक्टर स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी का देतात?

कारण हृदयाच्या रक्तवाहिन्या एकट्या साखरेमुळे अरुंद होत नाहीत. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाचाही त्यात मोठा हात असतो. आणि न दुखण्यावर मधुमेहात भरवसा ठेवू नका. जुन्या मधुमेहात हृदयाकडून वेदना नेणाऱ्या नसा बधिर होऊ शकतात, मग रक्तपुरवठा कमी पडला तरी कळ येत नाही. जिना चढताना नव्याने लागणारी धाप किंवा अकारण सुटलेला घाम, कधी एवढंच. शिवाय साखर फार खाली आणली की हृदय वाचतंच असं नाही: 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, मधुमेहींवरच्या अ‍ॅकॉर्ड या वैद्यकीय अभ्यासात एचबीएवनसी 6च्या खाली आणू पाहणाऱ्या गटात मृत्यू उलट जास्त झाले. अर्थात साखरेवरचं नियंत्रण सोडून देऊ नका. डोळे आणि मूत्रपिंडं त्यामुळे वाचतात.