आरोप करणारे वाक्य तटस्थ करताना शब्द सौम्य केले, तरी आरोप जात का नाही?

प्रश्न: "बातम्यांचा संतुलित गोषवारा लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. मूळ वाक्य असे आहे : 'नफ्यासाठी हपापलेल्या कंपनीने तपासणी अहवाल दडपून ठेवला आणि अखेर दोन कामगारांचा बळी घेतला.' मी 'हपापलेल्या' काढले, 'बळी घेतला'च्या जागी 'मृत्यू झाला' केले आणि 'कथित' घातले. तरीही वरिष्ठ म्हणतात की वाक्य एकतर्फी आहे. नेमके काय चुकते आहे?"

उत्तर: तुमचा प्रश्न वाचताना मला माझाच जुना त्रास आठवला. स्रोत तपासणे, दुसऱ्या बाजूला विचारणे या गोष्टी तुम्ही करत असालच, म्हणून थेट वाक्याकडे येतो. माझे मत असे की आरोप भडक शब्दात असतो त्यापेक्षा वाक्य जे गृहीत धरते त्यात अधिक असतो आणि तेथे समानार्थी शब्दांची अदलाबदल पोहोचत नाही.

हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. वाक्य नकारार्थी करून पाहावे आणि त्यानंतरही काय खरे मानले जाते ते शोधावे. 'कंपनीने अहवाल दडपल्याचे संघटनेने उघड केले' हे वाक्य घ्या. त्याचे 'उघड केले नाही' केले, तरी अहवाल दडपला गेला होता हे वाक्यात तसेच उरते, म्हणजे ते गोषवारा लिहिणाऱ्याने स्वतः मान्य केलेले आहे. 'अहवाल दडपल्याचा आरोप संघटनेने केला' याचे 'आरोप केला नाही' केल्यावर मात्र काहीच उरत नाही, म्हणून येथे विधानाची जबाबदारी संघटनेकडेच राहते. 'निदर्शनास आणले', 'लक्ष वेधले', 'कबूल केले नाही', 'याबद्दल मौन बाळगले' ही सर्व क्रियापदे पहिल्या गटातली आहेत आणि ती इतकी सभ्य दिसतात की कोणीही त्यांना हात लावत नाही.

याहून फसवे असते ते विशेषण झालेले धातुसाधित. 'दडपलेल्या अहवालाची प्रत द्यावी, अशी मागणी संघटनेने केली' या वाक्यात मागणी संघटनेची आहे, हे स्पष्ट आहे. पण 'दडपलेल्या' हे वर्णन कोणाचे, हे वाक्य सांगत नाही आणि वाचक ते बातमीदाराचे समजतो. मूळ मजकुरातले प्रत्येक '-लेला' रूप थांबून तपासावे, असा माझा आग्रह आहे.

आता 'कथित'विषयी, कारण याच शब्दाने मला सर्वांत जास्त किंमत मोजायला लावली. मी ज्या ठिकाणी गोषवारे लिहीत असे, तेथील संपादन विभागाने कठोर शब्दांची एक यादी करून प्रत्येकापुढे सौम्य पर्याय लिहून ठेवला होता आणि शंका आली की 'कथित' घालावे व वाक्य कर्मणी करावे, असा नियम होता. त्यानुसार असेच एक वाक्य 'कथित अहवालाकडे दुर्लक्ष झाल्याने दोन कामगारांना प्राण गमवावे लागले' असे होऊन गेले. जो अहवाल प्रत्यक्ष अस्तित्वात होता, त्याच्यावर 'कथित' बसून संशय आला; ज्या कारणाची चौकशी चालू होती, ते 'झाल्याने' या एका रूपामुळे सिद्ध ठरले; आणि दुर्लक्ष कोणी केले हे वाक्यातून नाहीसे झाले. दोन्ही पक्षांनी तक्रार केली आणि दोघांचीही तक्रार रास्त होती. मी त्या विभागाला वाक्याचे विश्लेषण लिहून पाठवले, तेव्हा उत्तर आले की यादीचे पालन झालेले आहे, त्यामुळे मजकूर तटस्थ आहे. यादीबाहेर विचार करण्याची तयारी नसलेल्या माणसांच्या हाती तटस्थतेचा निर्णय असावा, याचे मला आजही वाईट वाटते. दुरुस्ती छापली गेली, पण यादी तशीच राहिली.

म्हणून तुमचे वाक्य मी शब्द बदलून सुधारणार नाही, ते मोडून त्यातली विधाने वेगळी करीन. कंपनीला अहवाल मिळाला होता, हे एक विधान. तो तिने हेतुपुरस्सर लपवला, हे दुसरे. लपवण्यामागे नफा होता, हे तिसरे. त्यामुळेच कामगार मरण पावले, हे चौथे. 'अखेर' हा शब्द पाचवे विधान गुपचूप करतो, ते म्हणजे हे घडणारच होते. आता प्रत्येकाला आधार काय, ते पाहावे. उदाहरणापुरते समजू या, की अहवाल मिळाल्याचे कंपनी स्वतः मान्य करते, लपवल्याचे व नफ्याचे केवळ संघटना म्हणते आणि कारणाची चौकशी संपलेली नाही. तर गोषवारा असा होईल :

'परांची कोसळून दोन कामगारांचा मृत्यू झाला. या परांचीतील दोष नोंदवणारा तपासणी अहवाल कंपनीला दुर्घटनेच्या तीन आठवडे आधी मिळाला होता आणि त्यानंतर तेथील काम सुरू होते. नफ्यासाठी कंपनीने हा अहवाल दडपला, असा आरोप कामगार संघटनेने केला आहे. अहवालाचा अभ्यास सुरू होता व तो कोणापासूनही लपवलेला नव्हता, असे कंपनीने म्हटले आहे. दुर्घटनेच्या कारणाची चौकशी अद्याप पूर्ण झालेली नाही.'

एका वाक्याची पाच वाक्ये झाली, हे खरे. पण जागा कमी असेल तर विशेषणे व पार्श्वभूमी कापावी, 'कोण म्हणाले' हे कापू नये. दुसऱ्या वाक्यात 'मात्र त्यानंतरही काम सुरूच होते' असे लिहिण्याचा मोह होतो. 'मात्र', 'ही' आणि 'च' ही तीन छोटी अव्यये मिळून काढून टाकलेला ठपका पुन्हा ठेवतात, म्हणून ती मी घेतलेली नाहीत. तसेच संघटनेने 'आरोप केला' आणि कंपनीने 'स्पष्ट केले' अशी जोडी टाळावी, कारण स्पष्ट करता येते ते खरे असलेलेच. 'म्हटले' हे क्रियापद नीरस असले तरी येथे तेच योग्य आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच गंभीर आहे. कंपनी जे स्वतः मान्य करते, तेही 'संघटनेच्या म्हणण्यानुसार कंपनीला अहवाल मिळाला होता' असे लिहिले, तर ज्यावर वाद नाही ती गोष्ट वादग्रस्त दिसते आणि तक्रार करणाऱ्यावर अन्याय होतो. संतुलन म्हणजे प्रत्येक वाक्याला 'यांच्या मते' जोडणे नव्हे. चौकशीत पुढे कारण निश्चित झाले, तर चौथे विधानही कोणाच्या नावाशिवाय, थेट लिहावे लागेल. आजचा गोषवारा तेव्हा तसाच ठेवला तर तो तटस्थ राहणार नाही.

हे सर्व भाषेपुरते आहे. मी कायद्याचा जाणकार नाही, पण एवढे सांगतो की अनेक देशांच्या कायद्यात दुसऱ्याचा बदनामीकारक आरोप पुन्हा छापणे हे तो स्वतः करण्यासारखेच धरले जाते, म्हणून 'आरोप केला आहे' या शब्दांना संरक्षण समजू नये आणि व्यक्तीचे नाव असेल तर मजकूर वकिलाला दाखवावा. आणखी एक, कंपनीकडून उत्तरच आले नसेल तर 'बोलण्यास नकार दिला' असे लिहू नये. केव्हा विचारले होते आणि मजकूर पाठवेपर्यंत उत्तर मिळाले नव्हते, एवढेच लिहावे.