उतारा वाचताना विशेषणं झाका, क्रियापदं बघा

नेतृत्व ट्रान्झॅक्शनल म्हणजे देवाणघेवाणीचं, की ट्रान्स्फॉर्मेशनल म्हणजे माणसाला बदलवणारं, हे ओळखायला तू दिलेला उतारा असा: ‘नवीन व्यवस्थापिका उत्साही आहेत. विक्रीचं लक्ष्य गाठणाऱ्याला बोनस देतात आणि चूक दिसली तरच मध्ये पडतात.’ ‘उत्साही’ या शब्दावरून तू ट्रान्स्फॉर्मेशनल ठरवलंस. सुरुवातीला बहुतेकांची हीच चूक होते.

उत्साह हा स्वभाव झाला. त्या करतात काय, ते बघ. काम झालं तर बक्षीस, चूक झाली तर हस्तक्षेप. ही सरळ देवाणघेवाण आहे, म्हणून नेतृत्व ट्रान्झॅक्शनल.

आता त्याच बाई प्रत्येकाशी बसून त्याला पुढे काय शिकायचंय ते विचारतात, जुनी पद्धत का बदलू नये असा प्रश्न टाकतात, असं लिहिलं असतं तर? तिथे माणसाची क्षमता आणि विचार बदलतोय. ते ट्रान्स्फॉर्मेशनल.

आणखी दोन चुका टाळ:

- बक्षीस म्हणजे फक्त पैसे नव्हे. ‘लक्ष्य गाठलंस तर सगळ्यांसमोर कौतुक करेन’ हाही सौदाच.
- ट्रान्झॅक्शनल म्हणजे वाईट, असं धरू नकोस. नेतृत्वाचे अभ्यासक बर्नार्ड बास यांच्या मांडणीत एकच नेता दोन्ही वापरतो. म्हणून उत्तर त्या उताऱ्यातल्या वागण्यापुरतंच दे.

उपप्रकारांची नावं एवढ्यात पाठ करू नकोस.